उत्तरं स्वतःची, तरी रिपोर्ट २५ टक्के? या चुका टाळा

बाराशे शब्दांची एक असाइनमेंट घेऊ. पाच प्रश्न, पाच उत्तरं, सगळं स्वतः लिहिलेलं. तरी मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे तपासणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरचा सिमिलॅरिटी रिपोर्ट २५ टक्के दाखवतो, शेजारी पिवळा रंग, आणि विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. आकडा आला कुठून? मुखपृष्ठावरचे जुळलेले ५५ शब्द, प्रश्नांचे ११०, प्रतिज्ञापत्राचे ९०, आणि पाच पानांच्या माथ्यावर प्रत्येकी नऊ शब्दांचं हेडर, म्हणजे ४५. बेरीज ३००. बाराशेतले तीनशे म्हणजे बरोबर पाव भाग.

सॉफ्टवेअरला 'हा प्रश्न सरांनी दिलाय' हे कळत नाही. त्याला फक्त शब्दांची माळ दिसते. तीच माळ वर्गातल्या चाळीस जणांनी आणि मागच्या बॅचनेही सबमिट केलेली असते. ते पेपर साठवलेले असले, की पुढच्या प्रत्येक पेपरशी जुळतात. म्हणून स्रोतांच्या यादीत वेबसाइटऐवजी `Submitted to` आणि पुढे कॉलेजचं नाव असं दिसतं. हेडरची आणखी एक गंमत: पीडीएफमध्ये ते बहुधा पानावरचा साधा मजकूरच असतं, त्यामुळे प्रत्येक पानागणिक पुन्हा मोजलं जाऊ शकतं.

हेच तीनशे शब्द बारा हजार शब्दांच्या प्रोजेक्टमध्ये जेमतेम अडीच टक्के होतात. म्हणून छोट्या असाइनमेंटचा आकडा मोठ्या प्रबंधाच्या मापाने वाचणं हीच पहिली चूक.

दुसरी चूक जास्त महाग पडते: प्रतिज्ञापत्राची भाषा बदलणं. 'हे काम माझे स्वतःचे असून अन्य कोणत्याही पदवीसाठी सादर केलेले नाही' हे वाक्य सगळ्यांचं सारखंच असायला हवं, कारण नमुना विद्यापीठाने ठरवलेला असतो. त्यात समानार्थी शब्द घुसडले तर टक्का एखाद-दोनने उतरेल, पण ऑफिस फाइल परत पाठवेल. प्रश्नांचंही तसंच. प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहिला की तपासणाऱ्याला पत्रिकेशी ताळा लागत नाही.

काही जण प्रश्नाचा फोटो चिकटवतात, मध्ये पांढऱ्या रंगाची अक्षरं पेरतात किंवा इंग्रजी a च्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर टाकतात. लपवलेला मजकूर आणि बदललेली अक्षरं यांसाठी टर्निटिन वेगळी खूण दाखवतं. निरुपद्रवी जुळणीचा असा संशयास्पद प्रकार करून ठेवायची काय गरज?

तिसरी चूक बहुधा शिक्षकांकडून होते: छोट्या जुळण्या वगळण्याच्या फिल्टरवर सगळा भरवसा. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीच्या यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सामान्य किंवा योगायोगाने आलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे जुळणारे शब्द वगळले आहेत, म्हणून अनेक ठिकाणी मर्यादा १४ शब्दांची ठेवतात. आपल्या उदाहरणात हेडर नऊ शब्दांचं, ते गळतं. मुखपृष्ठावर नाव आणि रोल नंबर मध्ये येऊन माळ तोडतात, त्यामुळे तेही बहुतेक गळतं. पण प्रश्न आणि प्रतिज्ञापत्रातली वाक्यं वीस-पंचवीस शब्दांची. ती तशीच राहतात. दोनशे शब्द, म्हणजे सुमारे १७ टक्के. तेही घालवायला मर्यादा ३० वर नेली, तर नेटवरून उचललेलं पंचवीस शब्दांचं वाक्यही त्याच झाडूने बाहेर जातं.

यावर सरळ उपाय शिक्षकांच्या हातात आहे. असाइनमेंट तयार करतानाच प्रश्नपत्रिका टेम्प्लेट म्हणून चढवायची सोय टर्निटिनमध्ये आहे, आणि तो मजकूर जुळणीतून वगळला जातो. मात्र हे पहिला पेपर येण्याआधी करायचं. प्रबंधाच्या बाबतीत यूजीसीचा नियम संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायला सांगतो. मुखपृष्ठ आणि प्रतिज्ञापत्र या यादीत नावानिशी नाहीत, त्यामुळे ती पानं तपासणीच्या फाइलमध्ये ठेवायची की नाहीत, हे लायब्ररीला आधीच विचारून घ्या. मनानेच कापून टाकू नका.

विद्यार्थ्याने काय करायचं? टक्का बाजूला ठेवून रंगवलेला मजकूर पानोपान पाहायचा. रंग प्रश्नचिन्हापाशी थांबत असेल तर तो प्रश्नाचाच आहे. गाईडला पान क्रमांक सांगून ती जुळणी दाखवा. रंग प्रश्नचिन्ह ओलांडून उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत शिरला असेल, आणि स्रोत तोच `Submitted to` असेल, तर ती जुळणी प्रश्नाची नाही. मागच्या बॅचमधल्या कुणाची तरी फाइल समोर उघडी होती, असाच तिचा अर्थ तपासणारा लावेल.