टोल्युईनचं नायट्रेशन: उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘टोल्युईनच्या नायट्रेशनमध्ये प्रमुख उत्पादनं कोणती? कारण द्या.’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं: ‘मिथाइल गट ऑर्थो-पॅरा निर्देशक आहे, म्हणून ऑर्थो आणि पॅरा नायट्रोटोल्युईन मिळतं.’ यात कारण कुठे आहे? प्रश्नच शब्द फिरवून परत लिहिलाय. निर्देशक गटांची यादी पाठ असली की काम भागतं असं वाटणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

यादीच्या पुढे जाणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात, आणि हा खड्डा मोठा आहे. फिनॉलचं उत्तर पाठ असतं. त्यात ऑक्सिजनवरची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी रिंगमध्ये येते. तेच चित्र उचलायचं, OH खोडून CH3 लिहायचं आणि मिथाइलपासून रिंगकडे बाण काढायचा. आता त्या चित्रातल्या मिथाइलच्या कार्बनचे बंध मोजा: तीन हायड्रोजनचे तीन आणि रिंगशी दुहेरी बंधाचे दोन. झाले पाच! मिथाइलच्या कार्बनवर एकाकी जोडी नसतेच, मग बाण निघणार कुठून? पुढचं सगळं बरोबर असलं तरी या एका बाणामुळे तपासणाऱ्याला कळतं की विद्यार्थ्याने समजून न घेता चित्र उतरवलंय.

खरं कारण टोल्युईनच्या चित्रात नाही, हल्ल्यानंतर तयार होणाऱ्या अरेनियम आयनमध्ये आहे. तिथे आकडे घालून काम करायची सवय लावा. मिथाइल ज्या कार्बनवर आहे तो 1. ऑर्थो म्हणजे 2 आणि 6, मेटा 3 आणि 5, पॅरा 4. NO2⁺ ज्या कार्बनला चिकटतो तो कार्बन sp3 होतो. त्याच्यावर हायड्रोजन आणि NO2 दोन्ही दाखवा. धन प्रभार उरलेल्या पाच कार्बनांपैकी तिघांवरच फिरतो: दोन शेजारी आणि एक बरोबर समोरचा.

म्हणजे 4 वर हल्ला झाला तर प्रभार 3, 5 आणि 1 वर. 2 वर झाला तर 1, 3 आणि 5 वर. 3 वर झाला तर मात्र 2, 4 आणि 6 वर. थोडक्यात, सम आकड्यावर हल्ला झाला तर प्रभार विषम कार्बनांवर, आणि विषमवर झाला तर सम कार्बनांवर. कार्बन 1 ला प्रभार फक्त ऑर्थो आणि पॅरा हल्ल्यात मिळतो. तिथे तो तृतीयक कार्बोकॅटायन असतो आणि शेजारच्या मिथाइलचे C–H बंध हायपरकॉन्जुगेशनने त्याला आधार देतात. मेटामध्ये तिन्ही रचना द्वितीयक. आयन जितका स्थिर, तितकी त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवरची ऊर्जेची टेकडी बुटकी आणि वेग जास्त. तिन्ही हल्ल्यांच्या तीन-तीन अशा नऊ रचना काढायचा कंटाळा करू नका. दोन काढून ‘इत्यादी’ लिहिलं तर नेमकी कार्बन 1 वरची रचनाच गाळली जाते.

‘मेटा मिळतच नाही’ हेही लिहू नका. मिश्र आम्लात साधारण 30 अंशांला ऑर्थो सुमारे 58, पॅरा 38 आणि मेटा 4 टक्के मिळतं. शिवाय टोल्युईन बेंझिनपेक्षा जवळपास 25 पट वेगाने नायट्रेट होतं. बेंझिनच्या सहा जागांचा वेग 6 धरला तर टोल्युईनचा 150. त्याचे 4 टक्के म्हणजे 6, दोन मेटा जागांत वाटले की प्रत्येकी 3. म्हणजे मेटा जागासुद्धा बेंझिनच्या एका जागेपेक्षा वेगवान आहे. मिथाइल मेटाला रोखत नाही. बाकीच्या जागांना जास्त मदत करतो, एवढंच.

‘त्रिमितीय अडथळ्यामुळे पॅरा प्रमुख’ हे पाठ वाक्य टोल्युईनला लावलं की वरच्या आकड्यांशी भांडण होतं. ऑर्थोच्या जागा दोन आहेत, म्हणून एकूण ऑर्थो जास्त. जागेमागे पाहिलं तर ऑर्थो 29, पॅरा 38. अडथळा दिसतो तो इथे. मिथाइलऐवजी टर्ट-ब्युटिल गट असेल तर मात्र पॅरा सरळ पुढे जातं.

बाकी किरकोळ, पण गुण खाणाऱ्या चुका: बाण रिंगकडून NO2⁺ कडे जातो, उलटा नाही. HNO3 ला H2SO4 प्रोटॉन देतं, मग पाणी निघून NO2⁺ तयार होतो. ही पायरी गाळू नका. शेवटी sp3 कार्बनवरचा हायड्रोजन काढणारं HSO4⁻ दाखवा. आणि ‘ऑर्थो-पॅरा निर्देशक म्हणजे सक्रियक’ असं सरसकट लिहिणाऱ्यांनी क्लोरोबेंझिन आठवावं: ते ऑर्थो-पॅरा उत्पादनं देतं, पण बेंझिनपेक्षा हळू.