व्हॉट्सॲप बिझनेसचं खातं चोराच्या हाती गेलं तेव्हा

माझी नणंद नाशिकला गोडा मसाला, मेतकूट, भाजणी विकते. हिशेब आणि कुरिअर मी बघते. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲप बिझनेसवर. नवीन धंदा सुरू करणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवा.

ताईंना फोन आला, "पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही. डिलिव्हरीवाल्याला मेसेज जाण्यासाठी मी सांगतो तसं डायल करा." आधी स्टार, एकवीस, स्टार, मग एक नंबर आणि शेवटी हॅश. हा खरं तर आपले येणारे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळवण्याचा कोड असतो. कॉल वळले की चोर स्वतःच्या मोबाइलवर आपला नंबर टाकून व्हॉट्सॲप सुरू करतो आणि सहा अंकी कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागवतो. कोड थेट त्याच्या कानात. ओटीपी कुणाला सांगू नये हे ताईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी तो सांगितलाही नाही.

थोड्या वेळात ताई ॲपमधून बाहेर फेकल्या गेल्या. लगेच जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, "ताई, आगाऊ पैसे भरायला नवा क्यूआर का पाठवलात?"

अशा वेळी घाबरून ॲप काढून टाकू नका. जुनी चॅट आपल्याच फोनमध्ये असतात; चोराला ती दिसत नाहीत, फक्त नव्याने येणारे मेसेज आणि ग्रुप दिसतात. आधी `##002#` डायल करून वळवलेले सगळे कॉल बंद केले. ते न करता नवा कोड मागवला असता तर चोरालाही पुन्हा कॉलवर कोड मिळाला असता. मग त्याच फोनवर, त्याच नंबरने नोंदणी केली आणि एसएमएसने आलेला कोड टाकला.

पुढे स्क्रीनवर पिन मागितला. ताईंनी दोन टप्प्यांची पडताळणी कधी लावली नव्हती, म्हणजे तो पिन चोराने लावलेला. पिनशिवाय आत जायला सात दिवस थांबावं लागतं. इथे बरेच जण हताश होतात, पण एसएमएसचा कोड बरोबर टाकला त्याच क्षणी चोर बाहेर पडलेला असतो. त्या सात दिवसांत खातं आपल्याला वापरता येत नाही, तसं त्यालाही नाही. दोन गिऱ्हाइकांनी खोट्या क्यूआरवर पैसे भरले होते. त्यांना ताबडतोब 1930 वर फोन करून cybercrime.gov.in वर तक्रार करायला लावलं. ही तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

खरी पंचाईत पुढे. सात दिवस विक्री कशी चालवायची? ताई म्हणाल्या, "अगं, गूगल ड्राइव्हवर बॅकअप आहे की!" होता, पण तो उघडायला तोच नंबर व्हॉट्सॲपवर पडताळून घ्यावा लागतो. नंबर अडकला की बॅकअपही अडकला. शिवाय एन्क्रिप्टेड बॅकअप लावला असेल आणि पासवर्ड किंवा 64 अंकी की हरवली, तर तो कुणालाच उघडता येत नाही.

गिऱ्हाइकांची यादी आम्हाला मिळाली ती कुरिअरच्या बुकिंगमधून. नाव, पत्ता, मोबाइल, सगळं तिथे होतं. अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी मात्र फोन करकरूनच जुळवल्या.

दुसऱ्या सिमवर नवं खातं काढून सगळ्यांना एकदम मेसेज टाकायचा ताईंचा विचार होता. मी अडवलं. कोऱ्या नंबरावरून एकाच वेळी ढीगभर मेसेज गेले आणि ओळख न पटल्याने लोकांनी रिपोर्ट केलं, तर तो नंबरही बंद व्हायचा. म्हणून आधी साधे एसएमएस आणि कॉल केले, ज्यांनी नवा नंबर सेव्ह केला त्यांच्याशीच पुढे चॅट.

खातंच बंद झालं असेल तर स्क्रीनवर रिव्ह्यू मागण्याचं बटण दिसतं. तिथे काय विकता, मेसेज कुणाला जातात आणि खातं चोरीला गेलं होतं का, हे दोन-चार ओळींत लिहा. 'जीबी व्हॉट्सॲप'सारखं अनधिकृत ॲप वापरत असाल तर आधी ते काढा, बंदीचं ते नेहमीचं कारण आहे. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा; त्याच्या निर्णयावर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर सरकारी समितीकडे अपील करता येतं. पैसे घेऊन खातं सोडवून देतो म्हणणाऱ्यांना मात्र दारात उभं करू नका, त्यातले बहुतेक दुसरे चोर असतात.

आता रोज रात्री दुकान आवरताना ताई एका शीटमध्ये त्या दिवसाच्या ऑर्डरी उतरवतात: नाव, मोबाइल, पत्ता, माल, पैसे आले की नाही. ती शीट माझ्याही खात्यात उघडते. मालाचे फोटो आणि दर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. पिन लावलाय आणि सोबत ईमेलही जोडलाय, म्हणजे पिन विसरला तर तिथून बदलता येतो. लिंक्ड डिव्हायसेसची यादी दर सोमवारी मी पाहते. पार्सलच्या प्रत्येक पाकिटावर दुसरा नंबरही छापलाय, आणि त्या सिमचं रिचार्ज चुकवत नाही.