ॲल्युमिनिअमवर गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल, तर फीड कमी करू नका

छोट्या सीएनसी मिलिंग मशीनवर ॲल्युमिनिअमची बाजू खरबरीत आली की आपण फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी करतो. पण त्यामुळे कटर कापण्याऐवजी घासतो आणि धातू धारेला चिकटून पृष्ठभागावर ओरखडे उमटतात.

१. सहा मिलिमीटरचा कटर कमी वाकत असला तरी हलक्या मशीनला तो थरथरवतो, म्हणून चार मिलिमीटरचा, एका धारेचा, आखूड कार्बाइड कटर घ्यावा.

२. १२,००० आरपीएमला कटरच्या दर आवर्तनास ०.०४ मिलिमीटर धरल्यास फीड मिनिटाला ४८० मिलिमीटर येतो. स्टेपओव्हर, म्हणजे दर वेळी कटर बाजूला सरकण्याचे अंतर, १.६ मिलिमीटर ठेवून बाजूला ०.२ मिलिमीटर धातू शिल्लक ठेवावा.

३. हा शेवटचा थर क्लाइंब पद्धतीने, म्हणजे धार जाड बाजूने शिरून पातळ बाजूने बाहेर पडेल अशा दिशेने, एकाच फेरीत काढावा. येथे चिप, म्हणजे कापून निघणारा धातूचा तुकडा, आपोआप ०.०४ मिलिमीटरच्या निम्म्याहून पातळ होते, म्हणून फीड कमी न करता तोच ठेवावा.

चिपऐवजी भुकटी पडू लागली किंवा धारेवर चकाकता थर दिसला, तर मशीन तत्काळ थांबवावे.