अंगावरून जास्त जातंय आणि जिना चढताना धाप लागते? लोह कमी आहे का ते असं बघा

आमच्या शेजारच्या वहिनी, वय 41, राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. भाजीची पिशवी घेऊन वर येताना पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभ्या राहायला लागल्या, छातीत धडधड, आणि म्हणायच्या "वय झालं गं". वय नव्हतं ते, रक्त कमी झालं होतं.

पहिल्यांदा पाळीचा हिशोब ठेवा. कॅलेंडरवर रोज किती पॅड बदलले ते लिहायचं. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, रात्री बदलायला उठावं लागत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील किंवा सात दिवसांच्या पुढं चालत असेल तर ते जास्तच आहे, मग आईला पण तसंच जायचं म्हणून सोडून देऊ नका.

मग शरीर काय सांगतंय ते बघा. रक्त कमी पडलं की ऑक्सिजन कमी पोचतो, ते भरून काढायला हृदय जोरात पळतं, म्हणून बसल्यावर बरं वाटतं आणि जिन्यावर दम लागतो. केस गळणं, पापणीच्या आतली बाजू फिकी पडणं हे पण असतं. आणि एक गोष्ट बायका लाजून सांगतच नाहीत, ती म्हणजे बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. वहिनी पोराच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल खात होत्या, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

आता तपासणी, इथंच बऱ्याच जणी फसतात. नुसतं हिमोग्लोबिन बघू नका, सीबीसी या रक्ताच्या नेहमीच्या तपासणीसोबत फेरिटिन पण करायचं का ते डॉक्टरांना विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. वहिनींचं दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन 12.2 होतं, बायकांसाठी 12 च्या वर म्हणजे नॉर्मल, त्यामुळं थकवा असून पण घरी पाठवलं. यंदा 9.1 आलं आणि फेरिटिन फक्त 6. पंधराच्या खाली म्हणजे साठा संपलाच. फक्त ताप किंवा इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर परत करा.

गोळी डॉक्टर सांगतील तीच घ्या, पण जेवणानंतरचा चहा आणि गोळी यात निदान दोन तास ठेवा, चहानं लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आणि रक्त का जातंय ते शोधायलाच पाहिजे, नाहीतर गळक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होतं. वहिनींच्या सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. बसल्या जागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा तासाला एक पॅड भिजतोय असं दोन तास चाललं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हिमोग्लोबिन 12 झालं म्हणून गोळ्या बंद करू नका, साठा भरायला पुढं साधारण तीन महिने लागतात. वहिनी महिन्याभरात न थांबता वर यायला लागल्या, पेन्सिल तर दुसऱ्याच आठवड्यात सुटली.