सलाइनचे थेंब चुकवणाऱ्या विद्यार्थिनीसाठी दोन आठवडे

नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या कामावर ‘सुधारणा हवी’ हा शेरा निरुपयोगी; नेमकं काय चुकतं ते लिहा. पावसाळ्यात लेप्टोच्या रुग्णांनी रत्नागिरीकडचा वॉर्ड भरलेला, आणि आमची एक विद्यार्थिनी सलाइनचे थेंब अंदाजाने लावायची. उद्दिष्ट ठरवलं: दोन आठवड्यांत सलग दहा सलाइन बिनचूक, हिशेब कागदावर. ५०० मिली, ४ तास, मिलीला २० थेंबांचा सेट: १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. सुरू करण्याआधी सिस्टरला दाखवायचंच, एकटीने हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशीच्या पाहणीत उलगडलं, गणित येत होतं. सेटच्या पाकिटावरचा आकडाच ती वाचत नव्हती. मायक्रोसेटला मिलीला ६० थेंब असतात! पुढच्या पाहण्या सातव्या आणि चौदाव्या दिवशी, दोघींच्या सह्यांनिशी. तेव्हाही जमलं नाही तर पुढे काय, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.