रहरास साहिब : सायंकाळच्या पाठाला प्रथमच बसणाऱ्यांसाठी

बदलीच्या निमित्ताने मी दोन वर्षे अमृतसरला होतो. घरालगतच्या लहानशा गुरुद्वारात दिवेलागणीला रहरास साहिब या शिखांच्या सायंप्रार्थनेचा पाठ होत असे आणि तिथेच बसून मी तो शिकलो. त्याआधी पहाटेचा जपजी साहिब मला पाठ होता, त्यामुळे हा पाठ सोपा जाईल असा माझा समज होता. पहिली चूक नेमकी त्या समजामुळेच झाली.

रहरासची सुरुवात गुरू नानकांच्या ‘सो दरु’ या शबदाने, म्हणजे पदाने, होते. जपजीच्या सत्ताविसाव्या पौडीत, म्हणजे कडव्यात, हाच शबद किंचित वेगळ्या रूपात येतो. तिथे ‘सो दरु केहा सो घरु केहा’ असे आहे, तर इथे ‘सो दरु तेरा केहा सो घरु केहा’. पुढच्या ओळीतही जपजीत ‘वाजे नाद अनेक’ आणि रहरासमध्ये ‘वाजे तेरे नाद अनेक’ असा फरक आहे. मी सवयीने जपजीचा शबद म्हणू लागलो आणि जमलेल्या संगतीचा आवाज माझ्यापासून एका शब्दाने पुढे सरकला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी काही न बोलता गुटक्यातल्या, म्हणजे पाठाच्या छोट्या पुस्तकातल्या, ‘तेरा’ या शब्दावर बोट ठेवले. जपजी येणाऱ्याने ही जागा आधी पक्की करावी.

त्या एका शब्दात शबदाचा भाव आहे. ज्या दारी बसून तू सर्वांचा सांभाळ करतोस, ते तुझे दार कसे आहे, असे इथे ईश्वरालाच विचारले आहे. वारा, पाणी आणि अग्नी त्या दारी गात आहेत, धर्मराज गातो आहे, माणसांची कर्मे लिहून ठेवणारा चित्रगुप्तही गातो आहे. याच भागातल्या गुरू अर्जनांच्या शबदात, पिलांना मागे सोडून शेकडो कोस उडून येणाऱ्या पक्ष्याचा दाखला आहे: त्या पिलांना कोण भरवतो, कोण चारा देतो? दिवसभर पोटापाण्याच्या काळजीत फिरून आलेल्या माणसाला संध्याकाळी हा प्रश्न ऐकताना, तो आपल्यालाच विचारला आहे असे वाटते. ‘रहरास’ हे नाव गुरू रामदासांच्या ‘हरि कीरति हमरी रहरासि’ या ओळीतले आहे. त्याचे अर्थ निरनिराळे लावले जातात. हरीची कीर्ती हेच आमचे वाटेचे भांडवल, हा मला पटतो.

देवनागरी गुटका वापरणाऱ्या मराठी वाचकाची आणखी एक अडचण म्हणजे शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व इकार आणि उकार. ते बहुतेक ठिकाणी व्याकरणासाठी असतात, उच्चारासाठी नसतात. म्हणून ‘दरु’ हा ‘दर’, ‘घरु’ हा ‘घर’ आणि ‘हरि’ हा ‘हर’ असा म्हणायचा. मी आठवडाभर ते सगळे उकार मोठ्या निष्ठेने उच्चारत होतो.

गुटक्यांची लांबीही सारखी नसते. १९४५ साली मान्य झालेल्या सिख रहत मर्यादा या शीख आचारसंहितेनुसार ‘सो दरु’ आणि ‘सो पुरखु’ या भागांतले नऊ शबद, गुरू गोबिंदसिंगांची बेनती चौपई, एक सवैया, एक दोहरा, आनंद साहिबच्या पहिल्या पाच व शेवटची पौडी, मुंदावणी आणि शेवटचा सलोक असा क्रम आहे. काही परंपरांत याहून मोठा पाठ म्हणतात, आणि नांदेडच्या तख्त हजूर साहिबला संध्याकाळी दिव्यांची आरतीही होते. तेव्हा जिथे बसायचे, तिथे कोणता गुटका चालतो हे आधी विचारावे.

बसण्याविषयी मी योगवर्गातल्यासारखे ठरावीक आसन आणि हातांची मुद्रा विचारली, तेव्हा गुरुद्वारात पाठ सांगणारे ग्रंथी हसले. असे आसन नाहीच. पादत्राणे बाहेर काढावीत, हातपाय धुवावेत, डोके झाकावे, माथा टेकून मांडी घालून बसावे, आणि पाठ कण्यात बाक न येता सरळ, पण सैल ठेवावी. गुटका हातात किंवा मांडीवर स्वच्छ रुमालावर असावा, जमिनीवर कधीच नसावा. पाय गुरू ग्रंथ साहिबच्या दिशेने पसरू नयेत; मुंग्या आल्या तर मांडी बदलावी किंवा पाय बाजूला दुमडावेत. माझ्याकडून एकदा पाय पसरले गेले आणि मागच्या बाईंनी हळूच ‘बेटा, पैर’ म्हटले. गुडघे धरलेल्यांची सोय मागे खुर्चीवर होते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मान पुढे झुकू लागली आणि ओळी न कळता सरकू लागल्या, की आपण पेंगतो आहोत हे ओळखावे. तेव्हा डोळे मिटून ऐकण्यापेक्षा गुटक्यावर बोट फिरवत म्हटलेले बरे.

शेवटच्या सलोकानंतर अरदास ही मागण्याची प्रार्थना होते आणि तेव्हा सगळे उठून, हात जोडून गुरू ग्रंथ साहिबकडे तोंड करून उभे राहतात. नवख्याने इथे इतरांकडे पाहून उठावे. पाठभर ज्या दाराचे वर्णन बसून ऐकले, त्या दारासमोर आता उभे राहून मागणे मांडायचे असते.