पगाराचा आकडा आधीच सांगून बसलात? मग फॉलो-अप मेल असा लिहा

एचआरचा पहिला फोन येतो तेव्हा कामाची धड माहिती नसते आणि तिसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, "एक्स्पेक्टेड किती?" आपण काहीतरी आकडा सांगून मोकळे होतो. पुढे मॅनेजरशी बोलताना काम वेगळंच निघतं, पण एचआरच्या शीटमध्ये तो आकडा तसाच बसलेला असतो.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. गोदामाच्या कामातली, सध्या हातात 44 हजार. दोन गोदामं, रात्रीचं डिस्पॅच आणि बारा माणसं सांभाळायची असतील असं गृहीत धरून ती फोनवर "नऊ लाख" म्हणाली. दुसऱ्या राउंडला कळलं की चाकणचं एकच गोदाम आहे, दिवसाची पाळी आहे, हाताखाली पाच जण आणि पुण्याहून कंपनीची बस. शेवटी मॅनेजर "बजेट जरा टाइट आहे" असंही बोलून गेला.

आधी हिशोब, मग मेल

"नऊ लाख" म्हणजे सीटीसी की फिक्स्ड, हे तिने सांगितलंच नव्हतं. एचआर बहुतेक वेळा सीटीसी धरते, म्हणून खालची मर्यादा हातात येणाऱ्या पैशांवरून काढा. रात्रपाळी नाही, पेट्रोल नाही, तेव्हा महिना 50 हजार हातात आले तरी चालेल असं तिने ठरवलं.

8 लाख सीटीसी घ्या. त्यातले 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे 80 हजार बाजूला. बेसिक निम्मा, 4 लाख. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ 48 हजार आणि ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी साधारण 19 हजार, हेही सीटीसीतच धरलेले असतात. उरले सुमारे 6 लाख 53 हजार, म्हणजे महिन्याला 54 हजारांच्या थोडं वर. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 4 हजार आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 50 हजार. आयकर लागत असेल तर तो वेगळा. तिची खालची मर्यादा अशी 8 लाखांवर आली.

कधी आणि कोणाला

राउंड झाल्यावर एक-दोन दिवसांत, ऑफर यायच्या आत. ज्यांनी आकडा विचारला त्या एचआरलाच, त्यांच्या आधीच्या मेलच्या उत्तरात. मॅनेजरला परस्पर लिहू नका. बजेटचं बोलणं आपल्याला डावलून झालं असं एचआरला वाटतं.

मेलमध्ये काय

तिचा मेल इंग्रजीत गेला, पण मजकूर साधारण असा:

> मॅडम, काल झालेल्या चर्चेबद्दल आभार. पहिल्या फोनवर मी 9 लाख सांगितले होते, तेव्हा दोन गोदामं आणि रात्रीचं काम असेल अशी माझी समजूत होती. आता जबाबदारी नीट कळली आहे: चाकणचं एक गोदाम, पाच जणांची टीम, दिवसाची पाळी. त्यामुळे तो आकडा अंतिम धरू नये. 8 ते 8.75 लाख सीटीसीच्या दरम्यान, व्हेरिएबल 10 टक्क्यांपर्यंत असल्यास, मी बोलायला तयार आहे. पगाराची विभागणी कळवलीत तर लगेच उत्तर देते.

इथे आकडा का बदलला याचं कारण कामात आहे, तिच्या गरजेत नाही. नुसतं "माझी अपेक्षा फ्लेक्सिबल आहे" लिहिलं तर समोरचा त्याचा अर्थ "कमीत कमी द्या" असा लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. रेंज दिली की खालचाच आकडा येणार हेही धरून चाला. म्हणून जो आकडा मिळाला तर मन खट्टू होईल, तो खाली लिहूच नका. माफी मागू नका आणि घरच्या हप्त्यांचा उल्लेखही नको.

काम वाढलेलं निघालं तर

तेव्हा "फ्लेक्सिबल" हा शब्द टाळा, कारण तुम्ही खरं तर जास्त मागत आहात. सरळ लिहा: "7 लाख एका शाखेचं काम धरून सांगितले होते. तीन शाखा आणि महिन्यातून दोनदा नागपूरचा दौरा असेल तर 8.25 लाख रास्त वाटतात." आकडा वाढवायचा तो एकदाच. दुसऱ्यांदा वाढवलात तर पहिल्याही कारणावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पाठवल्यावर

बहुतेकदा उत्तर मेलवर येत नाही, फोन येतो: "मॅडम, साडेसातला जमेल का?" मर्यादा आधी ठरलेली असेल तर तिथल्या तिथे बोलता येतं: "साडेसातला हातात 47 हजार येतात, तेवढ्यात जमणार नाही. व्हेरिएबल काढून पूर्ण फिक्स्ड केलं तर विचार करते." तिने हेच विचारलं. आणि कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरताना "एक्स्पेक्टेड सीटीसी"च्या रकान्यात 9 लाख टाकले असतील तर एचआरला तेही बदलून घ्यायला सांगा. मंजुरीसाठी वर जाणाऱ्या कागदावर अनेकदा तोच आकडा छापून येतो.